‘औदुंबर’चा पेपर तपासताना

बालकवींच्या ‘औदुंबर’वर निबंध लिहायला सांगितला, की निम्म्याहून अधिक पेपरांत साधारण असा परिच्छेद हमखास येतो: ‘कवी निसर्गप्रेमी आहे. दोन्ही काठांवर हिरवळ आहे, मधून झरा वाहतो आहे. पलीकडे छोटं गाव आहे, शेतं आहेत, पायवाट आहे. शेवटी डोहाकाठी औदुंबराचं झाड आहे. कवीने निसर्गाचं सुंदर वर्णन केलं आहे.’ यात चूक एकही नाही. म्हणूनच गुण किती द्यावेत, हा प्रश्न पडतो.

अशा वेळी एक युक्ती कामी येते. कवितेतला एखादा शब्द मनातल्या मनात बदलायचा. काळ्या डोहाऐवजी ‘खोल डोह’ म्हणायचं, पांढऱ्या वाटेऐवजी ‘अरुंद वाट’. आता निबंध पुन्हा वाचायचा. त्यातलं एकही वाक्य खोटं पडत नसेल, तर विद्यार्थ्याने कवितेतली माहिती घेतली आणि कविता तिथेच ठेवली. वरचा परिच्छेद या कसोटीला अजिबात उतरत नाही. उद्या बालकवींनी हीच गोष्ट गद्यात लिहिली असती, तरी तो तसाच चालला असता.

आता दुसरा विद्यार्थी घ्या. तो लिहितो: ‘कवितेत हिरवा रंग तीनदा येतो. त्या हिरव्यातून जाणारी वाट मात्र पांढरी आहे आणि ती काळ्या डोहाला मिळते. म्हणजे उजेडातून निघालेली नजर अंधाराकडे जाते. पण कवीने त्या काळेपणाला गोड म्हटलं आहे, त्यामुळे इथे भीती वाटत नाही.’ चारच वाक्यं, पण यात डोह काळाच असावा लागतो. शिवाय ‘गोड’ हा शब्द त्याच्या नजरेतून सुटलेला नाही. काळा म्हणजे भीषण, असं लिहून मोकळे होणारे पुष्कळ असतात. त्यातले काही तर 1918 साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली झालेला बालकवींचा अकाली मृत्यू आणून डोहात बुडवतात. चरित्र हा कवितेतला पुरावा नव्हे. असल्या वाक्याला मी गुण देत नाही.

नादाचा मुद्दा याहून अवघड. ‘येथे अनुप्रास अलंकार असल्यामुळे नादमाधुर्य निर्माण झाले आहे’ हे वाक्य मराठीतल्या कोणत्याही कवितेखाली चिकटवता येतं. शाळेतल्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे कप्पे असतात, त्यामुळे मुलं कप्पा भरतात आणि पुढे जातात. अलंकार ओळखला याचा अर्धा गुण फार तर द्यावा. पुढचं काय, ते महत्त्वाचं.

या कवितेत पुढचं बरंच काही आहे. कविता आठ ओळींची. पहिल्या दोन ओळी ‘न’वर संपतात, शेवटच्या दोन ‘र’वर. मधल्या चारही ओळींची अखेर मात्र ‘डे’ किंवा ‘ढे’ अशी येते. आता त्या चार ओळींत काय चाललं आहे, ते पाहा: पलीकडचं गाव, शेतमळे, आडवीतिडवी वाट आणि डोह. म्हणजे गावापासून पाण्यापर्यंतची चाल जितकी लांब, तितकंच हे यमक लांबतं. पाण्याशी पोहोचलो की यमक बदलतं आणि औदुंबर दिसतो. जो विद्यार्थी हे ऐकतो, त्याला नाद आणि प्रतिमा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवाव्या लागत नाहीत. पण त्यानेच पुढे ‘ड हा कठोर वर्ण आहे, म्हणून जीवनातला संघर्ष व्यक्त होतो’ असं लिहिलं, तर तिथे लाल रेघ मारावी. सुट्या वर्णाला ठरलेला अर्थ नसतो. तो त्या ओळीत काय काम करतो, एवढंच दाखवता येतं.

शेवटच्या प्रतिमेबद्दल मतभेद होणारच. औदुंबर म्हटलं की दत्त आठवतात, म्हणून कोणी झाडाला ध्यानस्थ योगी म्हणेल. चालेल, पण मग पाण्यात पाय सोडून बसण्याचं काय, हे त्याने सांगायला हवं. ती बैठक मला तरी योग्याची कमी आणि निवांत पोराची जास्त वाटते. माझ्याविरुद्ध लिहिलेल्या निबंधालाही पूर्ण गुण मिळावेत, फक्त त्या पायांचा हिशेब लागला पाहिजे.

भावार्थ अगदीच नको, असंही नाही. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावं झाकून कविता वाचायला दिल्या आणि 1929 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांनी नोंदवलेली पहिलीच अडचण ही, की कवितेचा साधा अर्थच अनेकांना लागत नव्हता. वाट डोहाकडून गावाकडे येते, असं समजणाऱ्याचं पुढचं सगळं विवेचन कोसळतं. म्हणून दहापैकी दोन गुण मी नेटक्या भावार्थाला ठेवतो. नुसत्या भावार्थाने तीन पानं भरली, तरी ते दोनच राहतात.