ताटाची डावी बाजू

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या एखाद्या माणसाचं जेवण झालं की ताट नीट पाहावं. उजवीकडची भाजी-आमटी संपलेली असते, भाताचा उजवा भागही संपलेला असतो. डावीकडची चटणी-कोशिंबीर मात्र तशीच असते, आणि भाताचा डावा अर्धा भाग कापून ठेवल्यासारखा जागच्या जागी असतो. वर तक्रार असते की आज कमी वाढलं. बायकोने ताट अर्धं फिरवून समोर ठेवलं की तोच माणूस उरलेलं अन्न गोडीने खातो. घरच्यांना वाटतं नखरे चाललेत, नाहीतर नजर गेली. नजर शाबूत असते. बिघडलेली असते मेंदूच्या सालीतली एक जागा.

ही साल म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरचा करडा थर. जाडी जेमतेम दोन ते चार मिलिमीटर, पण इतक्या घड्या पडलेल्या की तिचा बराचसा भाग खाचांमध्ये दडलेला असतो. दोन्ही अर्धगोलांत तिचे चार भाग मानतात: कपाळामागचा फ्रंटल, त्याच्या मागे वरच्या बाजूचा पॅरायटल, कानाजवळचा टेम्पोरल आणि डोक्याच्या पाठीमागचा ऑक्सिपिटल. डावा अर्धगोल उजवं अंग चालवतो आणि उजवा अर्धगोल डावं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. घरी फारसं कोणाला माहीत नसतं ते असं, की यातल्या काही जागा दुखावल्या की सगळं घर धावपळ करतं आणि काही दुखावल्या तर महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

आधी धावपळ करायला लावणारी जागा पाहू. फ्रंटल लोबच्या मागच्या कडेला हालचालींचा पट्टा आहे. त्यात शरीराचे अवयव आकाराप्रमाणे मांडलेले नाहीत, कामाच्या बारकाईप्रमाणे मांडलेले आहेत. म्हणून हात आणि तोंड यांनी मोठी जागा अडवली आहे, तर पाय दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत ढकलला गेला आहे. या फटीला रक्त पुरवणारी धमनी वेगळी, हाताच्या-तोंडाच्या जागेला पुरवणारी वेगळी. त्यामुळे तोंड वाकडं, हात लुळा, पण पाय त्या मानाने बरा असं दिसलं, की गुठळी बाहेरच्या बाजूच्या धमनीत असावी असा अंदाज डॉक्टर स्कॅनच्या आधीच बांधतात. फक्त पायच गेला असेल तर संशय मधल्या धमनीवर जातो.

हाताच्या आणि तोंडाच्या जागेला लागूनच, बहुतेकांच्या डाव्या अर्धगोलात, बोलण्याची जागा आहे. ती सापडली एका माणसामुळे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न्य नावाचा रुग्ण 21 वर्षं राहत होता. काहीही विचारा, उत्तर एकच यायचं: ‘तान, तान’. तेच त्याचं टोपणनाव पडलं. चिडला की मात्र तोंडातून एक अस्सल शिवी निघायची. त्याला बोललेलं कळत होतं. किती वर्षं इथे आहेस असं विचारल्यावर त्याने पंजा चार वेळा उघडून दाखवला आणि मग एक बोट. वाचा गेल्यानंतर काही वर्षांनी त्याचा उजवा हात लुळा पडत गेला, पुढे पायही. एप्रिल 1861 मध्ये, 51व्या वर्षी तो वारला, आणि शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू पाहिला. डाव्या फ्रंटल लोबच्या खालच्या घडीत पोकळी पडली होती. आजही अशा रुग्णाला ब्रोकांच्याच नावाने ओळखतात. शब्द एकेक करून, घाम गाळत येतात. ‘मला पाणी हवं आहे’च्या जागी ‘पाणी... पाणी’ एवढंच येतं, आणि आपलं बोलणं तुटतंय हे त्याला पक्कं कळत असल्यामुळे तो रडकुंडीला येतो.

ब्रोकांनी तो मेंदू न कापता जपून ठेवला, हे आपलं नशीब. जवळजवळ दीड शतकानंतर तो एमआरआय यंत्रात ठेवला गेला आणि 2007 मध्ये निष्कर्ष छापून आले: इजा वरच्या सालीपुरती नव्हती, खूप आतवर, जागा-जागांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यांपर्यंत गेली होती. नकाशावर एका ठिकाणी बोट ठेवून ‘बोलणं इथे राहतं’ असं म्हणणं सोयीचं आहे, पण अपुरं आहे.

डाव्या टेम्पोरल लोबच्या वरच्या, मागच्या भागात इजा झाली की चित्र उलटं होतं. 1874 मध्ये 26 वर्षांच्या कार्ल वेर्निके यांनी ते मांडलं. हा रुग्ण भराभर बोलतो, सूर आणि लय नेहमीचीच, पण शब्द चुकीचे, काही तर मनाने बनवलेले. आपल्याला काय झालंय याचा त्याला पत्ता नसतो. समोरच्याचं बोलणंही त्याला कळत नाही. हात-पाय बहुधा धडधाकट असतात, आणि घोळ तिथेच होतो. ‘बाबांच्या डोक्यावर परिणाम झाला’ म्हणून कोणी झोपेची गोळी देतं, कोणी मानसोपचाराची चौकशी करतं. ओळखायची रीत साधी आहे. स्वतः काही खूण न करता ‘डोळे मिटा’, ‘दाराकडे बोट दाखवा’ असं सांगावं. काल रात्रीपर्यंत ठीक असलेल्या माणसाला आज सकाळी अचानक हे जमत नसेल, तर तो झटका समजून थेट मोठं रुग्णालय गाठावं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

टेम्पोरल लोबच्या आतल्या कडेला नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग आहे. अमेरिकेत 1953 मध्ये अपस्मारावरचा उपाय म्हणून हेन्री मोलेसन या तरुणाचा तो भाग दोन्ही बाजूंनी काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर 2008 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याला भेटणारं प्रत्येक माणूस थोड्या वेळाने पुन्हा अनोळखी होत असे. दोन्ही बाजूंची अशी इजा सहसा होत नाही, म्हणून एवढ्यावरच थांबतो.

आता पुन्हा त्या ताटाकडे. साठीतला एक उजव्या हाताने लिहिणारा माणूस धरा. त्याच्या उजव्या पॅरायटल लोबचा रक्तपुरवठा तुटला आहे. डॉक्टर विचारतात, ‘काका, डावा हात कसा आहे?’ ‘उत्तम.’ ‘वर करा बघू.’ काका उजवा हात वर करतात आणि डावाही केला असं सांगतात. डॉक्टर त्यांचा लुळा हात उचलून त्यांच्या डोळ्यांपुढे धरतात, ‘हा कोणाचा?’ ‘तुमचाच की!’ काका थट्टा करत नसतात. अर्धं अंग गेलेल्या माणसाला ते गेल्याचंच कळत नाही, या अवस्थेला 1914 मध्ये बाबिन्स्की यांनी नाव दिलं. अशा रुग्णाला दवाखान्यात न्यायला उशीर होण्याचं एक कारण हेच. तक्रार करणारा माणूस घरात कोणी नसतोच.

मग कागद-पेन्सिल येते. आडव्या रेघेचा मध्य दाखवा म्हटलं की काका खूण बरीच उजवीकडे करतात. घड्याळ काढा म्हटलं की गोल काढून बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतात. हे डोळ्यांचं दुखणं नाही हे कसं ठरवायचं? एकेका हाताला स्पर्श केला तर काही रुग्णांना दोन्ही बाजू जाणवतात, पण दोन्ही हातांना एकदम स्पर्श केला की डावा विझतो आणि फक्त उजवा कळतो. संवेदना पोचते आहे, लक्ष पोचत नाही.

याचा सर्वांत चोख पुरावा मिलानमधून आला. 1978 मध्ये बिसियाक आणि लुत्साती या दोघांनी अशा दोन रुग्णांना शहरातला कॅथेड्रलसमोरचा ओळखीचा चौक डोळ्यांपुढे आणायला सांगितलं. आधी कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात असं समजा आणि दिसतं ते सांगा. त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या बहुतेक गाळल्या. मग समजा, कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहून समोर पाहताय. आता मघाशी गाळलेल्या इमारती उजवीकडे आल्या, तर त्या सांगितल्या गेल्या आणि मघाशी सांगितलेल्या गळाल्या. म्हणजे आठवण पूर्ण होती. तिची डावी बाजू पाहायला कोणी जात नव्हतं.

डाव्या पॅरायटल लोबच्या इजेत उजवी बाजू अशी हरवणं कमी दिसतं. सध्याचं प्रचलित स्पष्टीकरण असं, की उजवा अर्धगोल दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवतो आणि डावा मुख्यतः उजवीवरच. डावा गेला तरी उजवा सांभाळून घेतो. उजवा गेला की डाव्या बाजूला वाली राहत नाही. डाव्या पॅरायटलच्या इजेत वेगळीच फजिती होते: हिशेब चुकतात, लिहिणं अडतं, डावं-उजवं आणि स्वतःच्या हाताची बोटं ओळखताना गोंधळ होतो.

ऑक्सिपिटल लोबची गोष्ट त्या मानाने सरळ आहे. तिथे डोळ्यांनी पाहिलेलं उमटतं. डावा ऑक्सिपिटल गेला की दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं अर्धं दिसेनासं होतं. रुग्ण मात्र ‘उजवा डोळा गेला’ असं सांगत चष्म्याच्या दुकानात जातो. एक डोळा झाकून तपासलं की उलगडा होतो: डावा डोळाही उजवीकडचं पाहत नाही. या रुग्णाला बहुधा आपली उणीव कळते आणि तो मान वळवून ती भरून काढायला शिकतो. ताटातला भात सोडणाऱ्याला हेच जमत नाही. गाडी चालवणं मात्र दोघांनीही थांबवायला हवं.

सगळ्यांत गुपचूप असते फ्रंटल लोबच्या पुढच्या भागाची इजा. इथे लकवा नाही, वाचा जात नाही, नजर ठीक. या विषयात फिनिअस गेजचं नाव हटकून निघतं. 1848 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये सुरुंग उडून लोखंडी पहार त्याच्या डोक्यातून आरपार गेली, तो वाचला आणि स्वभाव पालटला. ही कथा सांगताना पुढचा भाग बहुतेक जण गाळतात: नंतर तो चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी हाकत होता. पूर्ण वाया गेलेल्या माणसाला हे काम जमलं नसतं.

मला त्याच्यापेक्षा 1985 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात वर्णन आलेला एक रुग्ण जास्त शिकवून जातो. तो हिशेबनीस होता. मेंदूवरची गाठ काढताना फ्रंटल लोबचा खालचा भाग गेला. त्यानंतरही बुद्धिमापन चाचण्यांत तो उत्तम गुण मिळवत होता. प्रत्यक्षात नोकरी टिकेना, भागीदारीत पैसे बुडाले, संसार मोडला, आणि कुठे जेवायला जायचं हे ठरवायला त्याला तास लागत.

तपासणीच्या खोलीत प्रश्न डॉक्टर ठरवतात, क्रम डॉक्टर ठरवतात आणि वेळही त्यांच्याच हातात असते. पुढच्या फ्रंटलचं नेमकं हेच काम तिथे दुसऱ्याने उचललेलं असतं, म्हणून रुग्ण पास होतो. त्यामुळे जाणते डॉक्टर त्याला बाहेर बसवून बायकोला किंवा मुलीला आत बोलावतात आणि विचारतात: आंघोळीला सांगावं लागतं का? हातातलं काम अर्धवट टाकून उठतात का? लोकांसमोर पूर्वी कधी बोलले नसते असं काही बोलतात का? पैसे कोणाला देऊन टाकले का? आणि हे सगळं साधारण कोणत्या महिन्यापासून?