'मद्रासी' नावाची भाषा नाही
ओळख भाषांची : भाग ७

मागच्या भागात आपण लिपीवरून भाषा कशी ओळखायची ते पाहिलं. पण समोर कागद नसून माणूसच असेल तर? मग पहिला प्रश्न हाच विचारायचा की, तुम्ही स्वतः तुमच्या भाषेला काय म्हणता? बोलणाऱ्यांनीच ठेवलेल्या नावाला आपण 'स्वनाम' म्हणू आणि इतरांनी दिलेल्याला 'परनाम'.

ज्या भाषेला आपण जर्मन म्हणतो, तिचं स्वनाम 'डॉइच'. फ्रेंच माणूस तिला 'आलमां' म्हणतो, फिनलंडचा 'साक्सा', पोलंडचा 'न्येमियेत्स्की'. फ्रेंच आणि फिनिश नावं त्यांना ओळखीच्या असलेल्या एकेका जर्मन टोळीवरून आली, तर पोलिश नावाच्या मुळाशी 'मुका', म्हणजे ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही तो, असा शब्द असल्याचं मानतात. परनामात भाषेपेक्षा शेजाऱ्याची नजरच जास्त दिसते. जपानी माणसाची 'निहोंगो' किंवा जर्मनांची 'डॉइच' ही नावं मात्र त्या त्या समाजाची स्वतःची आहेत. संगणकात जर्मनचा संकेत `de` आहे, तो 'डॉइच'वरूनच.

परनामांचा हाच घोळ मुंबईत अँटॉप हिलला रोज कानावर पडतो. इथे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे, त्यामुळे देशभरातून बदलून आलेली कुटुंबं शेजारी राहतात. पलीकडे सायन कोळीवाड्यात फाळणीनंतर आलेले पंजाबी आहेत, आजूबाजूच्या वस्त्यांत तमिळ कुटुंबं आहेत. तरी दक्षिणेकडचा कुणीही दिसला की जुन्या मुंबईकराच्या तोंडून 'मद्रासी' निघतंच. हे नाव आलं ब्रिटिशांच्या मद्रास इलाख्यावरून. त्या इलाख्यात तमिळ, तेलुगू, मल्याळम आणि कन्नड बोलणारे सगळेच होते. १९५३ साली आंध्र वेगळा झाला, १९६९ साली मद्रास राज्याचं तमिळनाडू झालं, पण मुंबईच्या बोलण्यातला इलाखा काही मोडला नाही. दवाखान्यात आलेल्या बाईंसाठी 'मद्रासी येणारं कुणी तरी बोलवा' म्हटलं आणि तेलुगू बाईंसमोर तमिळ माणूस उभा केला, तर दोघंही एकमेकांकडे बघत राहतील. 'तुमची भाषा कोणती?' एवढं त्या बाईंना विचारलं की 'तेलुगू' हे उत्तर लगेच मिळतं.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घेऊ. धुळे-जळगावकडचा माणूस 'मला'ऐवजी 'माले', 'तुला'ऐवजी 'तुले' आणि 'आहे'ऐवजी 'शे' म्हणतो. घरच्या या भाषेला तो 'अहिराणी' म्हणतो. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सन यांनी मात्र भारताच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या खंडात प्रदेशावरून 'खानदेशी' हे नाव धरलं. जनगणनेतही तेच मोठ्या गटाचं नाव आहे. २०११ साली या गटात सुमारे १८ लाख ६० हजार लोक मोजले गेले आणि त्यांतल्या बहुसंख्यांनी मातृभाषा 'अहिराणी' अशीच सांगितली होती. लोकांनी सांगितलेलं नाव तसंच टिपलं गेलं, म्हणूनच गटाच्या पोटात अहिराणी वेगळी दिसते. मालवणी माणसाचंही तसंच. त्याने 'मालवणी' सांगितलं तर जनगणना ते नाव कोकणीच्या गटात ठेवते, 'मराठी' सांगितलं तर तो मराठीत मोजला जातो. घरातलं बोलणं तेच, पण रकाना बदलतो.

अर्थात नुसत्या स्वनामावर भागत नाही. २०११ साली लोकांनी मातृभाषेची १९,५६९ वेगवेगळी नावं सांगितली. छाननी करून त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या, तर १,४७४ नावांचं वर्गीकरणच करता आलं नाही. कुणी जातीचं नाव सांगतो, कुणी गावाचं, कुणी संकोचून नुसतं 'गावठी' म्हणतो. शिवाय 'पहाडी'सारखं एकच नाव दूरदूरचे लोक आपापल्या बोलीला देतात. म्हणून जाणकार नावाला दोन जोड देतात. एक, मूळ गाव कुठलं. दुसरी, नेहमीचे चार शब्द, म्हणजे 'मला', 'आहे', 'कुठे', 'पाणी'. 'गावठी' सांगणारा माणूस साक्रीचा असेल आणि 'माले' म्हणत असेल, तर भाषा अहिराणी हे जवळपास नक्की होतं. नाव, गाव आणि शब्द यांचा मेळ बसला नाही, तर पुन्हा विचारायचं.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मातृभाषेच्या रकान्यात प्रगणकाने आपल्या अंदाजाने काही लिहायचं नसतं, सांगणारा जे नाव सांगेल तेच लिहायचं असतं. तेव्हा प्रगणक दाराशी येईल, त्या वेळी शाळेची भाषा किंवा शेजाऱ्यांनी दिलेलं नाव सांगू नका. लहानपणी आई तुमच्याशी जी भाषा बोलायची, तिला तुमच्या घरात जे म्हणतात तेच नाव स्पष्ट सांगा आणि ते तसंच लिहिलंय ना, हेही पाहून घ्या.