टॅली न होणारा हिशेब

ऑफिसातल्या कुणाचं लग्न ठरलं की वर्गणीची यादी फिरते, आणि तिच्या मागोमाग एका फायलीत लपवून शुभेच्छापत्र. पहिला सही करणारा हटकून मधोमध ऐसपैस लिहितो, पुढचे पंधराजण कडेकडेने 'हार्दिक शुभेच्छा' असं बारीक अक्षरात कोंबतात. बाहेरून गुळगुळीत कागदावर बॉलपेन नीट उमटत नाही आणि जेलपेनची शाई पुसटते, म्हणून आतून खरखरीत कागद असलेलं कार्ड घ्यावं. चार ओळींचा मजकूर एकानेच आधी लिहावा आणि बाकीच्यांनी त्याभोवती जागा घ्यावी, हे उत्तम.

खरी गोची असते ती विनोदाची. 'संपलं स्वातंत्र्य', 'जन्मठेप लागली' हे सुचायला कष्ट पडत नाहीत. पण कार्ड वधूही वाचणार असते, आणि तिला ऑफिसातलं कुणीच ठाऊक नसतं. या विनोदात ती आयती जेलर ठरते. म्हणून थट्टा लग्नाची करू नये, आपल्या माणसाच्या एखाद्या सवयीची करावी.

आमच्या शाखेतल्या कॅशियरचं उदाहरण सांगतो. एक रुपया जरी कमी-जास्त लागला तरी हा गडी जागचा हलत नसे. सगळे घरी गेले तरी नोटा पुन्हा मोजत बसे. त्याच्या कार्डाचा पहिला मसुदा असा होता: 'आता रोज वहिनींना हिशेब द्या!' हसू आलं, पण त्यात आशीर्वाद कुठे होता? शिवाय नुसतं 'वहिनी' म्हणजे तिला नावच नाही. पत्रिका काढून तिचं नाव अचूक उतरवून घेतलं आणि मजकूर बदलला: 'कॅश टॅली झाल्याशिवाय न उठणाऱ्या आमच्या मित्राचा घरातला हिशेब मात्र कधीच टॅली न होवो. दोघांचंही एकमेकांना काहीतरी देणं कायम बाकी राहो.' सवय तीच, फक्त उलटी केली. तिच्या ओळखीचा नवरा त्यात तिला दिसतो, आणि थट्टेच्या पोटातून आशीर्वाद निघतो.

उखाण्याचंही असंच असतं. यमकाने हसवता हसवता नाव घेतलं जातं. आमच्या शिपाईमामांनी खाली एक जोडून दिला: 'व्हाउचरवर सही, सहीवर शिक्का, दोघांचा संसार होवो एफडीपेक्षा पक्का.' माझ्या मते कार्डातली सर्वांत सरस ओळ हीच.

वर्गणीचा आकडा कार्डावर येऊ देऊ नये. तो एक रुपयाच्या नाण्यासकट पाकिटात राहू द्यावा. रजेवर असलेल्यांसाठी मागची बाजू मोकळी सोडावी आणि साहेबांकडे कार्ड सगळ्यात शेवटी न्यावं, नाहीतर त्यांच्या सहीनंतर कुणी मोकळेपणाने लिहीत नाही. आमच्या साहेबांनी उरलेल्या कोपऱ्यात शेरा मारला: 'रजा आठ दिवस मंजूर. संसार तहहयात मंजूर.'