हमीचा विमा 240 रुपयांना कसा?

समजा, लातूरच्या आडतीवर सोयाबीन आज क्विंटलला 4400 रुपये आहे. महिन्याने भाव 5000 होईल किंवा 4000, तिसरे काही नाही. नांदेडच्या शेतकऱ्याला महिन्याने 4400 ला विकण्याचा हक्क हवा आहे. भाव पडला तर हा हक्क 400 रुपयांचा, चढला तर शून्य. त्याची आजची किंमत किती?

हक्क विकणाऱ्याने 240 रुपये घ्यावेत, 40 किलो सोयाबीन उसना आणून 1760 ला विकावा. हाती 2000. भाव चढला तर उसना माल परत घ्यायला नेमके 2000 लागतात. पडला तर 1600 लागतात आणि उरलेले 400 शेतकऱ्याला जातात. (व्याज, गोदामभाडे सोडले.)

भाव चढण्याची शक्यता कुठेच लागली नाही! सरासरी भाव आजच्या 4400 इतकाच येईल अशी शक्यता काढली, तर चढण्याची 0.4, पडण्याची 0.6; आणि 0.6 × 400 = 240. हीच जोखीम-तटस्थ संभाव्यता. तो पावसाचा अंदाज नव्हे.

अडचण उसन्या मालाची. आडतीवर तो कोण देणार? ते काम वायदेबाजार करतो, आणि सोयाबीनचे वायदे सेबीने डिसेंबर 2021 मध्ये थांबवले.