पहिल्या परिच्छेदाची काटछाट

चाळिशीत क्षेत्र बदलायला निघालेल्या माणसाचा बायोडेटा त्याच्या बाजूनं बोलत नाही. त्यात जुन्या कंपन्या, जुनी पदं आणि जुनी सर्टिफिकेटंच दिसतात. ‘मग हा आपल्याकडे अर्ज का करतोय?’ याचं उत्तर सोबतच्या कव्हर लेटरमध्येच द्यावं लागतं, आणि तेही पहिल्या परिच्छेदात. हल्ली हे पत्र बऱ्याचदा ईमेलमध्येच चिकटवलेलं असतं आणि एचआरमधलं कुणीतरी ते मोबाइलवर उघडतं. बोटानं स्क्रीन वर सरकवण्याआधी जेवढं दिसतं, त्यावरच पुढे वाचायचं की नाही हे ठरतं.

एक नमुना घेऊ. वेगवेगळ्या पत्रांवरून तो बेतलेला आहे, पण अशी पत्रं वाचणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल. अर्जदार बेचाळीस वर्षांचे मेकॅनिकल इंजिनिअर आहेत, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर. त्यांना पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या क्वालिटी विभागात जायचं आहे. पत्र अर्थातच इंग्रजीत. त्याचा पहिला परिच्छेद मराठीत असा होईल:

‘आपल्या नामांकित रुग्णालयातील क्वालिटी मॅनेजर या पदाच्या जाहिरातीच्या संदर्भात मी हे पत्र लिहीत आहे. मी मेकॅनिकल इंजिनिअर असून गेली सोळा वर्षे वाहन उद्योगात विविध जबाबदारीच्या पदांवर काम केले आहे. या काळात अनेक आव्हाने यशस्वीपणे पेलत मी नेतृत्व, संवादकौशल्य आणि संघभावना हे गुण विकसित केले. मला रुग्णालयातील कामाचा प्रत्यक्ष अनुभव नसला तरी आरोग्यसेवेविषयी पहिल्यापासून आस्था आहे. वडिलांच्या आजारपणात रुग्णालयांचा कारभार जवळून पाहिला आणि तेव्हापासून या क्षेत्रासाठी काही तरी करावे असे तीव्रतेने वाटते. मी कोणतेही काम चटकन शिकतो आणि आपण संधी दिलीत तर तिचे सोने करीन.’

यात खोटं काही नाही, आणि व्याकरणही ठीक आहे. तरीही पत्र बाजूला पडेल. पहिलं वाक्य ईमेलच्या विषयात आधीच आलेलं आहे. दुसऱ्यातली ‘विविध जबाबदारीची पदं’ म्हणजे नेमकं काय, ते कळत नाही. तिसरं वाक्य उचलून विमा कंपनीच्या किंवा शाळेच्या अर्जात टाकलं तरी कुणाला फरक जाणवणार नाही.

खरा घोटाळा चौथ्या वाक्यात आहे. वाचणाऱ्यानं अजून काही विचारलेलंही नाही, तोच अर्जदारानं स्वतःची उणीव ताटात वाढून ठेवली. क्षेत्र बदलणाऱ्यांच्या पत्रांत हे वाक्य हमखास सापडतं, कारण लिहिताना मनात तीच धाकधूक असते. वडिलांच्या आजारपणाचा उल्लेख प्रामाणिक आहे, पण ‘रुग्णालयांचा कारभार जवळून पाहिला’ हे रुग्णालयातल्याच माणसानं वाचलं तर त्याला तो टोमणा वाटू शकतो. ही माहिती ठेवायचीच असेल तर पुढे एका ओळीत ठेवावी. शेवटच्या वाक्यातली संधी आणि सोनं दोन्ही सरळ काढून टाकावं.

एवढी छाटणी झाल्यावर हातात जवळजवळ काहीच उरत नाही. इथे बरेच जण थबकतात आणि छाटलेलंच पुन्हा भरतात. खरं म्हणजे इथे लिहिणं थांबवून जाहिरात समोर घ्यायची असते.

रुग्णालयात क्वालिटी विभाग काय करतो, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अंतर्गत काम करणारं एनएबीएच हे मंडळ रुग्णालयांना मान्यता देतं. ती मिळवायची आणि टिकवायची तर कामाच्या नोंदी ठेवाव्या लागतात. रुग्ण पडला का, औषध चुकीचं दिलं गेलं का, शस्त्रक्रियेच्या जागी जंतुसंसर्ग झाला का, डिस्चार्जला किती वेळ लागला, असलं सगळं त्यात येतं. काही विपरीत घडलं की इन्सिडेंट रिपोर्ट भरायचा, मूळ कारण शोधायचं, दुरुस्ती करायची आणि ती टिकली का ते पाहायचं. जाहिरातीत हेच लिहिलेलं असतं: इन्सिडेंट रिपोर्टिंग, आरसीए म्हणजे रूट कॉज अ‍ॅनालिसिस, अंतर्गत ऑडिट, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण.

आता आपल्या इंजिनिअरांना विचारा, ‘ग्राहकाची तक्रार आली की सोमवारी सकाळी तुम्ही काय करता?’ ते म्हणतील, आधी संशयित माल बाजूला काढून अडवतो. मग व्हाय-व्हाय करतो, म्हणजे ‘का?’ला पुन्हा ‘का?’ विचारत कारणाच्या मुळाशी जातो. मग उपाय, आणि नंतर दोष पुन्हा येतोय का त्यावर लक्ष. दोन्हीकडच्या कामाचा क्रम एकच आहे. म्हणजे क्षेत्र बदललं तरी कामाचा मोठा भाग तोच राहतो, आणि पहिल्या परिच्छेदानं एवढंच दाखवायचं आहे. मी क्षेत्र का बदलतोय हे समजावत बसण्यापेक्षा दोन्हीकडे सारखं असलेलं काम आधी मांडलं, की बदलाचा खुलासा आपोआप होतो.

हे उमगल्यावर पहिला नवा मसुदा सहसा दुसऱ्या टोकाला जातो: ‘आयएटीएफ 16949 अंतर्गत एट-डी, एफएमईए आणि पीपीएपी यांचा सोळा वर्षांचा अनुभव.’ चाकणच्या कुठल्याही कारखान्यात या वाक्याला मान मिळेल. रुग्णालयाच्या एचआरला मात्र यातलं काहीच कळणार नाही, आणि न कळलेली गोष्ट कुणी विचारून घेत नाही. गंमत म्हणजे एफएमईए ही पद्धत आरोग्यसेवेतही वापरतात, पण ती अशी आद्याक्षरांच्या गर्दीत टाकली तर हरवून जाते.

त्यानंतरचा मसुदा भाषा बदलतो आणि जरा जास्तच बदलतो: ‘रुग्ण हाच ग्राहक आणि उपचार हेच उत्पादन मानून मी झिरो डिफेक्ट संस्कृती आणीन.’ हे वाक्य मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या टेबलावर गेलं तर पत्र तिथेच संपलं. कारखान्यात खराब भाग वेगळा काढून लाल डब्यात टाकता येतो. वॉर्डात प्रत्येक रुग्ण निराळा असतो, आणि नीट उपचार होऊनही परिणाम वाईट येऊ शकतो. दोन्ही कामं हुबेहूब सारखी असल्याचा दावा करणाऱ्याला नव्या कामाची जाण नाही, हे जाणकाराला लगेच दिसतं. साम्य पद्धतीत आहे, तेवढंच सांगावं.

आता पुरावा हवा. इंजिनिअरांना आणखी खोदून विचारल्यावर एक गोष्ट बाहेर येते, जी त्यांनी बायोडेटात घातलेलीच नव्हती. लाइनवरचे कामगार चुका लपवायचे, कारण चूक दिसली की मेमो मिळायचा. यांनी नाव न लिहिता चूक नोंदवता येईल असं रजिस्टर सुरू केलं. नोंदी तिप्पट झाल्या, वरिष्ठ धास्तावले, पण वर्षअखेरीस ग्राहकांच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. ‘आकडे वाढले होते ना, म्हणून नाही लिहिलं,’ असं ते म्हणतात.

नेमकं हेच लिहायचं असतं. रुग्णालयांतली मोठी अडचण हीच, की भीतीपोटी चुका कागदावर येत नाहीत. एखाद्या वॉर्डात महिनोन्‌महिने एकही इन्सिडेंट नोंदला गेला नाही, तर क्वालिटीतला अनुभवी माणूस खूश होत नाही, त्याला शंका येते. थोडक्यात टळलेल्या चुकांच्या नोंदी वाढू लागल्या की त्याला हायसं वाटतं. म्हणून ‘नोंदी तिप्पट झाल्या’ हे तीन शब्द जाणकाराला ‘मी चटकन शिकतो’ याहून कितीतरी जास्त सांगतात. आता परिच्छेद असा होतो:

‘चूक घडली की ती त्याच दिवशी आवरणे, तिचे मूळ कारण शोधणे आणि ती पुन्हा घडणार नाही अशी व्यवस्था लावणे, हे काम मी सोळा वर्षे चाकणच्या वाहनभाग कारखान्यात करीत आहे. कामगारांनी न घाबरता चुका सांगाव्यात म्हणून मी तिथे निनावी नोंदवही सुरू केली. वर्षभरात नोंदी तिप्पट झाल्या आणि ग्राहकांच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. आपल्या जाहिरातीत इन्सिडेंट रिपोर्टिंग आणि आरसीए यांवर भर आहे, म्हणून हा अर्ज. एनएबीएच मानकांचे प्रशिक्षण मी जूनमध्ये पूर्ण केले आहे. वॉर्डातील दैनंदिन कामाची ओळख मात्र मला करून घ्यावी लागेल.’

लांबी थोडीच घटली आहे. घट्ट करणं म्हणजे शब्द मोजून कापणं नव्हे. या परिच्छेदातलं कोणतंही वाक्य काढलं तर काहीतरी हरवतं, पहिल्यात तसं होत नव्हतं. उणीव इथेही कबूल केली आहे, पण पुराव्यानंतर, एका छोट्या वाक्यात आणि त्यासाठी काय केलं ते सांगून. ती लपवण्यात अर्थ नसतो, कारण बायोडेटा उघडताच ती दिसणार. आणि जूनमधलं प्रशिक्षण खरोखर झालेलं असेल तरच लिहायचं. मुलाखतीत त्यावरच पहिला प्रश्न येतो.

परिच्छेद जमला की नाही हे पाहायचं असेल तर तो नव्या क्षेत्रातल्या एखाद्या ओळखीच्या व्यक्तीला वाचायला द्या, इथे एखाद्या सिस्टरला किंवा वॉर्ड इनचार्जला. वाचून झाल्यावर कागद परत घ्या आणि विचारा, ‘हा माणूस काय काम करतो? इकडे का येतोय?’ उत्तर ‘इंजिनिअर आहे कुणीतरी’ असं आलं, तर पहिलं वाक्य पुन्हा लिहा. ‘चुका शोधून बंद करणारा दिसतोय’ असं आलं तर काम झालं. घरच्यांना वाचायला देऊन उपयोग नाही, त्यांना सगळंच छान वाटतं.

हा उपाय सगळीकडे चालत नाही. दोन्हीकडचं काम खरोखर सारखं असेल तरच तो लागू पडतो. बँकेतला अधिकारी शेफ व्हायला निघाला असेल, तर कर्जवाटप आणि स्वयंपाक यांत ओढूनताणून नातं जोडण्यात हशील नाही. त्यानं नव्या क्षेत्रात आतापर्यंत जे केलं असेल तेच पहिल्या वाक्यात यावं, मग ते रविवारी घेतलेल्या केटरिंगच्या ऑर्डरी का असेनात. आणि जाहिरातीत हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची पदवी सक्तीची असेल, तर उत्तम परिच्छेदही ती चाळणी पार करून देत नाही. तिथे आधी फोन करून अट शिथिल होते का ते विचारावं.

परिच्छेद वाचून झाला की वाचणाऱ्याच्या मनात पुढचे दोन प्रश्न येतात: एवढ्या अनुभवाचा माणूस कमी पगारावर टिकेल का, आणि रुजू कधी होणार? त्यांची उत्तरं सुरुवातीला घुसडायची नाहीत. शेवटच्या परिच्छेदात दोन ओळी पुरतात: पगाराची रचना वेगळी आहे याची कल्पना आहे, आणि नोटीस पीरियड किती दिवसांचा. कारखान्यांत मॅनेजर पातळीवर तो तीन महिन्यांचाही असतो. तो कमी करून मिळणार असेल तर कंपनीला विचारून मगच लिहा.