सरांना ‘नाही’ कसं कळवलं

दिवाळीनंतरच्या आठवड्यात जुन्या कंपनीतल्या सरांचा फोन आला. चाकणला त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं क्वालिटीत काढली होती. “जागा रिकामी झालीय. परत ये, तुझ्याशिवाय दुसरं नाव डोळ्यांसमोर येत नाही,” ते म्हणाले. ऐकून खूप बरं वाटलं. जायचं नाही हे मला त्याच क्षणी माहीत होतं, पण त्यांना दुखवायला जीभ रेटेना. “सर, सध्या पगाराचं जमणार नाही बहुतेक. बघते,” असं बोलून मी फोन ठेवला.

आठव्या दिवशी पुन्हा फोन. सरांनी एचआरशी आणि प्लांट हेडशी भांडून त्या जागेचा पगार वीस टक्क्यांनी वाढवून घेतला होता. “झालं तुझं काम. कधीपासून येतेस?”

आपल्याकडे ‘बघते’ म्हणजे नकार, हे लग्नाच्या बोलण्यांत सगळ्यांना कळतं. नोकरीत मात्र त्याचा अर्थ ‘अजून थोडं वाढवा’ असा घेतला जातो, आणि ‘सध्या’ने त्यात भर पडते: आज नाही, पण पुढच्या महिन्यात चालेल. मी पगाराचं कारण दिलं आणि सरांनी ते दूर केलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी वरिष्ठांकडे आपला शब्द खर्च केला होता, आणि तो माझ्या अर्धवट बोलण्यामुळे.

त्या रात्री मी वही घेऊन बसले. न जाण्याची जेवढी कारणं मनात होती तेवढी लिहिली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारला: सरांनी हे मिटवलं, तर मी जाईन का?

पहिलं होतं ग्रॅच्युइटीचं. कायम नोकरीत ती साधारणपणे सलग पाच वर्षं भरल्यावर मिळते आणि आताच्या कंपनीत माझे दहा महिने बाकी होते. हिशेब सोपा असतो: मूळ पगार आणि महागाई भत्त्याला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं आणि मग वर्षांनी. माझ्या 52,000 रुपयांवर वर्षाला 30,000, म्हणजे पाच वर्षांचे दीड लाख. शिवाय जुन्या कंपनीतली ग्रॅच्युइटी मी सोडताना घेतली होती, त्यामुळे तिथे परत शून्यापासून मोजणी. कारण खरं होतं. पण सरांनी दीड लाखांचा जॉइनिंग बोनस दिला असता, तर गेले असते का? नाही. मग हे कारण द्यायचंच नाही. रात्रपाळीचंही तसंच. ती काढली असती तरी मी गेले नसते.

शेवटी एकच उरलं. जुन्या कामात लाइनवरून आलेला रिजेक्ट माल, ग्राहकाची तक्रार, तिचं उत्तर, यातच दिवस जायचा. आता मी मोजमापाच्या प्रयोगशाळेत आहे, गेज कॅलिब्रेट करते, आणि आमची प्रयोगशाळा एनएबीएलच्या मान्यतेसाठी तयार होते आहे. हे काम सरांच्या टीममध्ये नाहीच. ते मिटवण्यासारखं त्यांच्या हातात काही नव्हतं.

एका जुन्या ऑडिटच्या वेळचा सल मनात होता, तो मी लिहिला नाही. सहा वर्षं झाली, आता ते उकरून सर काय करणार होते?

सकाळी आधी फोन केला. एवढी धडपड केलेल्या माणसाला नुसता मेल पाठवणं मला बरं वाटलं नाही. मग त्यांना वर दाखवता यावं म्हणून लिहून पाठवलं:

“सर, तुम्ही माझी आठवण ठेवलीत आणि माझ्यासाठी पगाराचा विषय वर नेलात, याबद्दल मनापासून आभार. ड्रॉइंग वाचायला मी तुमच्या टेबलाशेजारी उभी राहून शिकले, ते आजही रोज उपयोगी पडतं. पण मी परत येणार नाही. मला मोजमापाच्या कामातच पुढे जायचं आहे आणि आमच्या प्रयोगशाळेची मान्यता होईपर्यंत इथे थांबण्याचा शब्द मी दिला आहे. मागच्या वेळी मी पगाराचं कारण सांगितलं, ते खरं कारण नव्हतं. त्यामुळे तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल माफ करा. माझी वाट न पाहता जागा भरावी.”

‘मान्यता होईपर्यंत’ या शब्दांवर मी बराच वेळ अडले. एवढंच लिहिलं असतं, तर मान्यता मिळाल्यावर पुन्हा फोन आला असता. म्हणून त्याआधी ‘परत येणार नाही’ हे सरळ वाक्य ठेवलं.

सरांचं उत्तर दुपारी आलं. “वाईट वाटलं, पण आता स्पष्ट झालं. आजच जाहिरात काढतो. तुझ्या ओळखीत कोणी आहे का?” एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोर होती, दोन वर्षं लाइनवर उत्तम काम केलेली. तिचा नंबर लगेच दिला नाही. आधी तिला विचारलं, आणि रात्रपाळी आहे हेही सांगितलं.