मीटर १२.६ दाखवतो, तरी पॅक पेटू शकतो

मृग लागला की खामगाव, चिखली, मेहकरकडच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत बॅटरीवरचे फवारणी पंप दुरुस्तीला येऊ लागतात. रब्बीनंतर माळ्यावर पडून राहिलेला पंप चालू होत नाही, एवढीच तक्रार असते. काही पंपांतली जुनी, जड लेड-ॲसिड बॅटरी काढून तिथे लिथियम-आयन सेलचा हलका पॅक बसवलेला असतो. अशा वेळी चूक झाली, तर ती दुकान पेटवू शकते.

अशा पॅकमध्ये सहसा तीन सेल, किंवा सेलचे तीन गट, एकापाठोपाठ जोडलेले असतात. प्रत्येकाची कमाल मर्यादा ४.२ व्होल्ट, म्हणजे पूर्ण पॅक १२.६ व्होल्टचा. शेतकऱ्याकडे चार्जर मात्र जुनाच असतो. लेड-ॲसिडचा चार्जर साधारण १४.४ व्होल्ट देतो. तिघांत वाटले तर प्रत्येक सेलच्या वाट्याला ४.८ व्होल्ट येतात. पॅकमधली बीएमएस ही छोटी संरक्षक पट्टी अशा वेळी पुरवठा तोडते. पण ‘पॅक सारखा कट होतो’ म्हणून तीच पट्टी वगळून थेट तारा जोडल्या, तर शेवटचा पहारेकरीही जातो.

चार्जर योग्य असला तरी काम संपत नाही. एखादा सेल थकलेला असेल, तर तो बाकीच्यांच्या आधी भरतो. मग दोन सेल ४.१ वर आणि थकलेला ४.४ वर जातो. बेरीज पुन्हा १२.६च! दोन टोकांना लावलेल्या मीटरला यातले काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक गट वेगळा मोजायला हवा. महिनोन्‌महिने पडून दोन व्होल्टच्या खाली गेलेला सेल आणखी घातक. सेलच्या आतल्या पातळ पत्र्याचे तांबे विरघळते आणि पुन्हा चार्ज करताना भलतीकडे साचून आत शॉर्ट करू शकते. असा सेल बाहेरून करंट देऊन ‘उठवू’ नये, तो बादच करावा.

मर्यादेपलीकडे चार्ज झालेल्या सेलमध्ये ग्राफाइटवर धातुरूप लिथियम साचू लागते, आणि सेल तापतो. सुमारे १३० अंशांना आतला प्लॅस्टिकचा पडदा वितळू लागतो. तो फाटला की आतच शॉर्ट होते आणि उष्णता झपाट्याने वाढते. दोनशे अंशांच्या आसपास अनेक सेलमधल्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटतो. सेलमधला ज्वलनशील द्रव आणि हा ऑक्सिजन एकाच डबीत असल्याने आग नुसती झाकून विझत नाही. एका सेलची उष्णता शेजारच्याला पेटवते. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल तुलनेने सुरक्षित असतात, पण तेही धूर आणि ज्वलनशील वायू सोडतात.

यात माणसाला आधी गाठतो तो धूर. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावरचे एकाच कुटुंबातले सात जण गुदमरून गेले. चार्जिंगला लावलेल्या विजेच्या दुचाकीमुळे आग लागल्याचा संशय तेव्हा व्यक्त झाला होता. खाली दुकान, वर घर ही रचना आपल्याही बाजारपेठांत आहे. म्हणून चार्जिंगची जागा जिन्याखाली किंवा एकमेव दाराजवळ नसावी आणि दुकान बंद करताना एकही पॅक चार्जिंगला राहू नये.

बाक लाकडी नको, सिमेंटचा किंवा फरशीचा हवा. थिनर, फोम, बारदाना, कापसाच्या गाठी यांपासून पॅक दूर ठेवावेत. गोदामात हँड स्कॅनर किंवा ड्रिलच्या बॅटऱ्या मालाच्या रॅकवर चार्ज न करता वेगळ्या, हवेशीर कोपऱ्यात कराव्यात. बहुतेक सेलसाठी चार्जिंगची कमाल मर्यादा ४५ अंश असते. मे महिन्यात मलकापूरकडे पत्र्याखाली ती दुपारी सहज ओलांडली जाते. तेव्हा चार्जिंग सकाळच्या गारव्यात, कोणी समोर असताना करावे.

दुरुस्त केलेला पॅक लगेच देऊ नये. पूर्ण चार्ज करून रात्रभर सुटा, उघड्या फरशीवर इतर मालापासून लांब ठेवावा आणि सकाळी तिन्ही गट पुन्हा मोजावेत. एखाद्या गटाचे व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा स्पष्ट खाली आले असेल, सेल फुगला असेल किंवा नेलपॉलिशसारखा गोडसर वास येत असेल, तर तो पॅक वापरू नये.

सिस्स असा आवाज आला किंवा पांढरा धूर दिसला, तर पॅक हातात धरून पळू नये. मेन स्विच सहज हाताशी असेल तर बंद करावा, माणसे बाहेर काढावीत आणि अग्निशमन दलाला बोलवावे. पावडरचा सिलिंडर ज्वाळा दाबतो, पण सेल गार करत नाही, त्यामुळे आग पुन्हा उफाळते. वीज तोडलेल्या छोट्या पॅकवर, तेही धुराबाहेर सुरक्षित अंतरावरून शक्य असेल तरच, भरपूर पाणी मारावे. विझल्यावरही तो उघड्यावर लांब ठेवावा. काही तासांनंतरही तो पुन्हा पेटू शकतो.